अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात ओळखीच्या माणसाचं नाव कसं लिहावं

आपल्या खान्देशात कुणालाही भेटलं की पहिला प्रश्न येतो, "कोना पोऱ्या शे रे तू?" ओळख सांगितल्याशिवाय इथं बोलणं पुढं सरकत नाही आणि त्यात गैर काही नाही. अडचण येते ती हीच सवय नोकरीच्या अर्जात तशीच उतरली की. केळी पॅकहाउससाठी आलेले अर्ज मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. त्यातले निम्मे तरी कुणाच्या ना कुणाच्या नावानं सुरू होतात. काही नावं वाचून उमेदवाराला लगेच फोन करावासा वाटतो, काही वाचून अर्ज बाजूला ठेवावासा वाटतो. हा फरक नाव किती मोठं आहे यानं पडत नाही, त्या नावामागून काय लिहिलंय यानं पडतो.

एक उदाहरण घेऊ. यावल तालुक्यातली कृषी पदवीधर मुलगी. घरी केळीची बाग. रावेरकडच्या एका पॅकहाउसमध्ये गुणवत्ता पर्यवेक्षकाची जागा निघाली आहे. तिथले फील्ड ऑफिसर पाटील साहेब तिच्या वडिलांच्या शेतात माल बघायला येत असत आणि जागेबद्दल त्यांनीच सांगितलं. तिचा पहिला कच्चा मजकूर असा होता:

"महोदय, आपले श्री. पाटील साहेब आमच्या अगदी घरच्या संबंधातले असून त्यांच्याच शिफारशीवरून मी हा अर्ज करीत आहे. ते माझ्या वडिलांना पंधरा वर्षांपासून ओळखतात. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

यात खोटं काही नाही, तरी वाचणाऱ्याला त्यात वशिल्याचा वास येतो. पाटील साहेब वडिलांना ओळखतात, मुलीचं काम त्यांनी पाहिलंय की नाही ते कळत नाही. "घरच्या संबंधातले" म्हटलं की वाचणारा सावध होतो. आणि रावेर-यावल पट्ट्यात नुसतं "पाटील साहेब" लिहून भागत नाही. "कोणते पाटील?" हा प्रश्न दुसऱ्याच ओळीत उभा राहतो. चौधरी आणि महाजन यांचीही तीच गत.

आधी विचारून घ्या

नाव लिहिण्यापूर्वी त्या माणसाची परवानगी घ्या, आणि ती मोघम घेऊ नका. "तुमचं नाव सांगू का?" असं विचारलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. त्यापेक्षा जे वाक्य लिहिणार आहात तेच त्यांना पाठवा: "साहेब, अर्जात तुमच्याबद्दल असं लिहिणार आहे. यात काही बदलायचं असेल किंवा नाव नकोच असेल तर मोकळेपणानं सांगा." नाही म्हणायला वाट ठेवली की मिळालेल्या होकाराला वजन येतं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट विचारून घ्या: ज्यांच्याकडे अर्ज जाणार, त्यांच्याशी त्यांचं आत्ता बोलणं-चालणं आहे का? गावाकडच्या निवडणुकीत दोघं समोरासमोर उभे राहिलेले असतात किंवा भागीदारीतून वेगळे झालेले असतात. असं असेल तर नाव लिहूच नका.

वाक्य बांधताना

त्या मुलीनं परिच्छेद पुन्हा लिहिला:

"आपल्या पॅकहाउसमधील गुणवत्ता पर्यवेक्षकाच्या जागेविषयी मला आपले फील्ड ऑफिसर श्री. (पूर्ण नाव) पाटील यांच्याकडून कळले. गेल्या कांदेबागेचा आमच्या शेतातला माल त्यांच्या देखरेखीखाली गेला. तेव्हा घड कापण्यापासून फण्यांच्या प्रतवारीपर्यंतची रोजची नोंद मी ठेवत होते, आणि ती वही पाहून त्यांनी ही जागा सुचवली. नाकारलेल्या प्रत्येक फणीचे कारण मी वेगळे लिहीत असे. घड खाली ठेवताना गादी नसली की ओरखडे वाढतात हे त्या नोंदींतूनच दिसले, आणि पुढच्या तोडणीला आम्ही शेतातच गाद्या अंथरल्या."

इथं नाव एकदाच आलं, पूर्ण आणि हुद्द्यासह. त्याला "सुप्रसिद्ध", "आदरणीय" असं काही चिकटवलेलं नाही. त्यांनी नेमकं काय पाहिलं ते लगेच पुढं आलं: वही. आणि परिच्छेद संपेपर्यंत पाटील साहेब मागं राहिले, मुलीचं काम पुढं आलं. वाचणाऱ्याच्या मनात शेवटी उरतात त्या गाद्या.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्याचा भारही शेवटाकडे पडतो. "पाटील साहेब मला चांगले ओळखतात" या वाक्याचा कर्ता पाटील साहेब आहेत आणि शेवटी उरते ती ओळख. "त्यांच्याकडून कळले", "नोंद मी ठेवत होते" अशा रचनेत नाव वाक्याच्या आत बसतं आणि शेवट कामावर होतो. नाव "यांच्याकडून", "यांच्या देखरेखीखाली" अशा जागी ठेवता येतं का, ते आधी पाहा.

शब्दही तोलून घ्या. "कळले", "सुचवले" आणि "शिफारस केली" या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. जागा निघाल्याचं नुसतं सांगितलं असेल तर "कळले". तुमचं काम पाहून अर्ज करायला सांगितलं असेल तर "सुचवले". तुमच्यासाठी ते स्वतः शब्द टाकणार असतील तरच "शिफारस". बहुतेक जण इथं एक पायरी वर चढतात आणि अडकतात, कारण पॅकहाउसमधून फोन जातो. तिकडून "हो, भेटली होती एकदा" एवढंच उत्तर आलं, तर तो अर्ज पुन्हा उघडला जात नाही.

ओळखीचा माणूस नातेवाईक असेल तर? घरी ते आण्णा किंवा मामा असतील, अर्जात मात्र नाव आणि हुद्दाच लिहा. पण नातं लपवू नका. "ते माझे मामा आहेत" असं एक साधं वाक्य घाला. आपल्याकडे असं नातं संध्याकाळपर्यंत कळतंच. ते तुमच्याकडून कळलं तर कुणाला खटकत नाही, दुसऱ्याकडून कळलं तर खटकतं. मात्र मामांनी तुमचं काम कधी पाहिलंच नसेल, तर त्यांचं नाव पहिल्या परिच्छेदात नको.

पाठवण्याआधी

परिच्छेदातलं नावाचं वाक्य बोटानं झाका आणि उरलेलं वाचा. खाली काहीच उरलं नाही, तर सगळा अर्ज त्या नावावर टेकलाय. तुमच्या कामाचं एखादं वाक्य शोधून आणा. आणि झाकूनही काहीच फरक पडला नाही, तर ते नाव नुसतं टांगलेलं आहे, काढून टाका. वरच्या परिच्छेदात नाव झाकलं तरी वही आणि गाद्या उरतात, पण ती वही कुणी पाहिली हे कळत नाही. नाव इतपत लागावं.

जिल्हा परिषद किंवा दुसऱ्या सरकारी भरतीत हे काहीच करू नका. तिथं कुणाचं नाव पुढं करणं हा दबाव समजला जाऊ शकतो, आणि त्यामुळं उमेदवार अपात्र ठरू शकतो.

अर्ज पाठवला की त्याच दिवशी पाटील साहेबांना कळवा: आज पाठवला, या जागेसाठी, वहीचा उल्लेख केलाय. दहा दिवसांनी ते कुठल्यातरी बागेत उभे असताना फोन येईल, तेव्हा त्यांना वही आठवायला हवी.