चर्चा, मूल्यमापन, समर्थन: तिन्हींना एकच उत्तर लिहिण्याची चूक टाळा

महात्मा फुल्यांच्या शैक्षणिक कार्यावर प्रश्न आला की पुण्यातल्या मुलांना तो घरचाच वाटतो. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा, सावित्रीबाईंचं अध्यापन, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा, रात्रशाळा, १८८२ साली हंटर आयोगापुढचं निवेदन. सगळं पाठ असतं आणि सगळं बरोबरही असतं. तरी मार्क निम्मे पडतात, कारण प्रश्नाच्या शेवटी ‘मूल्यमापन करा’ असं होतं आणि उत्तरात फक्त माहिती आहे.

प्रश्नाचा शेवटचा शब्द आधी वाचा. त्यावरून ठरतं की हीच माहिती कुठल्या कामाला लावायची.

‘चर्चा करा’ आलं, तर एकाहून जास्त बाजू दिसायला हव्यात. इथली नेहमीची चूक म्हणजे शाळांची यादी देऊन थांबणं. त्या काळी सरकारी धोरणामागे एक समजूत होती: वरच्या वर्गाला शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल. फुल्यांचा याला विरोध होता. ही समजूत, तिच्यावरचा फुल्यांचा आक्षेप आणि त्यांनी स्वतः शाळा काढून दिलेलं उत्तर, असं समोरासमोर मांडलं की चर्चा होते. सनातन्यांचा विरोध आणि सरकारने १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात केलेला फुल्यांचा गौरव, हेही एकमेकांशेजारी ठेवता येतं. शेवटी तुम्हाला कोणती बाजू पटते, ते एका वाक्यात सांगा. तेवढं पुरतं.

‘मूल्यमापन करा’मध्ये मुलं सर्वांत जास्त अडकतात. बहुतेक जण स्तुती करतात. ‘टीकात्मक’ हा शब्द जोडलेला असेल, तर घाबरून उगाच दोष शोधतात. खरं तर आधी मोजपट्टी लागते, आणि ती उत्तराच्या सुरुवातीलाच सांगायची. स्त्रिया आणि शूद्रातिशूद्रांपर्यंत शिक्षण पोहोचवणं हा फुल्यांचाच हेतू होता. तीच मोजपट्टी घ्या. यश काय? जिथे स्त्रीला शिकवणंच पाप मानत होते, तिथे एक स्त्री शिक्षिका म्हणून उभी राहिली. मर्यादा काय? शाळा थोड्याच होत्या, आणि नऊ-दहा वर्षांनी आपण त्या कामातून बाजूला झालो, असं फुल्यांनी स्वतःच हंटर आयोगाला सांगितलं आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची त्यांची मागणी १८९० साली ते गेले तोवर मान्य झाली नव्हती. गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेलं तशाच आशयाचं विधेयकही फेटाळलं गेलं. ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा केंद्राचा कायदा २००९ साली झाला. आता निर्णय लिहा: शाळांची संख्या मोजली तर काम लहान दिसतं, पण मागणी काळाच्या फार पुढची होती. असा निर्णय नसेल, तर वरची सगळी वाक्यं माहितीच राहतात.

‘समर्थन करा’ किंवा ‘विधान सकारण स्पष्ट करा’ यात बाजू आधीच ठरलेली असते. समजा विधान आहे, ‘फुल्यांनी उच्च शिक्षणापेक्षा प्राथमिक शिक्षणाला प्राधान्य दिले.’ इथे भिडेवाड्यापासून सुरुवात केली, तर अर्धं पान वाया जातं, कारण शाळा काढल्याने प्राधान्य सिद्ध होत नाही. ते हंटर आयोगापुढच्या निवेदनातून सिद्ध होतं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी होती. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना चांगला पगार मिळावा, हा आग्रह होता. प्रत्येक कारणानंतर ते विधानाशी जोडणारं एक वाक्य लिहा. मुलं नेमकं तेच गाळतात. इथे ‘दुसरी बाजूही आहे’ म्हणत फिरू नका, ती कुणी विचारलेली नाही.

बारावीच्या अर्थशास्त्रात येणारं ‘सहमत आहात का?’ हे याचंच भावंड, पण तिथे बाजू तुम्ही निवडायची असते. ‘होय, मी सहमत आहे’ किंवा ‘नाही’ हे पहिल्याच ओळीत यायला हवं, आणि पुढचं प्रत्येक कारण त्याच बाजूचं हवं.

आपलं उत्तर जमलं का, हे ओळखायला प्रश्न झाकून वही मैत्रिणीला द्या आणि विचारा, प्रश्नाचा शेवटचा शब्द कोणता असेल? तिने ‘माहिती लिहा’ म्हटलं, तर शेवटच्या परिच्छेदात नवी माहिती भरू नका. मोजपट्टी, जोडणारं वाक्य किंवा निर्णय, यातलं काय राहिलं ते शोधा.

एक अडचण मात्र राहते. काही पेपरांत ‘चर्चा करा’ हे सैलपणे, नुसतं ‘स्पष्ट करा’ या अर्थाने येतं. तिथे मार्क पाहा. चार मार्कांच्या प्रश्नात दोन-तीन नेमके मुद्दे कारणांसह पुरतात, दहाच्या प्रश्नात मात्र दोन्ही बाजू मांडायलाच हव्यात.