मेटा आणि गुगलच्या ऑर्डरी मिळून बिलांपेक्षा जास्त दिसत होत्या: माझा अनुभव

सोलापुरी चादरी आणि टॉवेलचं दुकान, ऑर्डर वेबसाइटवर आणि फोनवर. जाहिराती मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर, आणि गुगलवर. दोघांच्या जाहिरात रिपोर्टमधल्या ऑर्डरींची बेरीज बिलबुकापेक्षा जास्त यायची. वेबसाइटवरच्या ऑर्डरी मोजणारा पिक्सेल कोड पुन्हा बसवला, ग्राहक कुठून आला ते दाखवणारे यूटीएम टॅग लिंकना लावले, फरक नाही. डोकं फिरायची वेळ आली.

कारण साधं निघालं. मेटा सहसा क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यावर १ दिवस ऑर्डर आपली धरतं. गुगल क्लिकनंतर साधारण ३० दिवस. एकच ऑर्डर दोघांच्या खात्यात जाते.

मग ग्राहकालाच विचारायचं ठरवलं. फोनवर पत्ता लिहून झाला की शेवटी: "आमचं नाव सगळ्यात आधी कुठे ऐकलंत?" पर्याय वाचून दाखवायचे नाहीत, नाहीतर लोक पहिलाच उचलतात. वेबसाइटवर हाच प्रश्न पैसे भरल्यानंतरच्या पानावर, मोकळ्या रकान्यात. उत्तर जसंच्या तसं, ऑर्डर नंबरसमोर. वर्गवारी आठवड्याच्या शेवटी, एकाच माणसाने.

"गुगलवर" हे उत्तर तिथेच सोडू नका. "काय टाइप केलंत?" हे विचाराच. पुण्याच्या एका ताईंनी दुकानाचंच नाव टाकलं होतं. चादर त्यांनी नणंदेकडे पाहिली होती. त्या ऑर्डरवर हक्क मात्र दोन्ही प्लॅटफॉर्मचा. अशी ऑर्डर आता "ओळखीतून" मध्ये जाते.

आठवत नसेल तर "माहीत नाही" लिहा, अंदाज नको. नुसती ओझरती दिसलेली रील लोक विसरतात, त्यामुळे मेटाचा आकडा इथे थोडा कमीच येतो.