निर्यातीचे पैसे आले, बँक विचारते 'कशाचे?': फॉरेक्स डेस्कला पत्र कसे लिहावे

परदेशातून पैसे आले की बँक ते लगेच खात्यात जमा करत नाही. आधी मेल येतो: पर्पज कोड आणि कागदपत्रे द्या. यावर बरेच जण 'एक्स्पोर्ट पेमेंट' एवढेच लिहून इनव्हॉइस जोडतात. ते पुरत नाही. माल आधी गेला की जायचा आहे, यावर कोड ठरतो.

एक उदाहरण घेऊ. ग्राहकाने 9,000 डॉलर पाठवले. त्यातले 6,000 आधी पाठवलेल्या मालाचे, 3,000 पुढच्या ऑर्डरचा ॲडव्हान्स. बँकेत पोचले मात्र 8,975.

आधी बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागवा. पाठवलेली रक्कम, वाटेत कापलेले चार्जेस आणि पाठवणाऱ्याचे नाव त्यात दिसते. 25 डॉलर कुठे गेले ते तिथेच कळते.

मग रकमेची फोड करा. गेलेल्या मालाच्या वसुलीला P0102, ॲडव्हान्सला P0103. सगळी रक्कम P0102 मध्ये टाकली तर 3,000 ला जुळणारे शिपिंग बिलच सापडत नाही आणि पत्रव्यवहार पुन्हा सुरू होतो. उरले ते 25 डॉलर. ते ॲडव्हान्समधून वजा धरायचे की जुन्या बिलातून, हे ग्राहकाकडून मेलवर लिहून घ्या. मी ॲडव्हान्समधून धरतो, म्हणजे जुने शिपिंग बिल पूर्ण मिटते. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या EDPMS प्रणालीत ते 25 डॉलरसाठी उघडे राहू शकते.

आता पत्र. विषयात बँकेचा रेमिटन्स संदर्भ क्रमांक हवाच; डेस्कवरचा माणूस पहिल्यांदा तोच शोधतो. मजकूर असा:

'वरील संदर्भाने आलेल्या 8,975 डॉलरपैकी 6,000 डॉलर सोबतच्या इनव्हॉइसची पूर्ण वसुली आहे (P0102). उरलेले 2,975 डॉलर सोबतच्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसपोटी आगाऊ आले आहेत (P0103). 25 डॉलर परदेशी बँकेने चार्जेस म्हणून कापले असून ते ग्राहकाच्या संमतीने ॲडव्हान्समधून वजा धरले आहेत. कृपया याप्रमाणे रक्कम जमा करून शिपिंग बिलाशी जुळवणी करावी.'

खाली आयईसी क्रमांक आणि शिपिंग बिलाचा नंबर, तारीख, पोर्ट कोड लिहा. पोर्ट कोड लोक हमखास विसरतात. न्हावा शेवासाठी तो INNSA1 आहे. सोबत इनव्हॉइस, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल, तसेच ॲडव्हान्ससाठी प्रोफॉर्मा किंवा खरेदी ऑर्डर आणि ग्राहकाचा मेल जोडा.

पाठवण्यापूर्वी एक नाव तपासा. स्विफ्टमधले पाठवणाऱ्याचे आणि इनव्हॉइसवरचे ग्राहकाचे नाव वेगळे असेल, तर ते तिसऱ्या पक्षाचे पेमेंट ठरते. दोघांचे नाते आणि पैसे त्याने का भरले, हे पत्रातच सांगा. गप्प राहिलात तर बँक नेमके तिथेच अडते.

दोन दिवसांनी बँकेकडून आलेली ॲडव्हाइस उघडून दोन्ही कोड आणि रकमा पडताळा. चूक असेल तर त्याच मेलवर लगेच कळवा.