माल वाटेत हरवला, दावा प्रलंबित: ३१ मार्चच्या हिशेबात या चुका टाळा

समजा, पुण्यातील एका व्यापाऱ्याने १२ मार्च २०२५ रोजी अहमदाबादहून ४,००,००० रुपयांचा माल आणि त्यावर ७२,००० रुपये आयजीएसटी अशी खरेदी केली. माल गाडीत चढताच खरेदीदाराचा, अशी अट होती. त्याच दिवशी १८,००० रुपये भाड्याची बिल्टी झाली, गाडी पोचलीच नाही, आणि २८ मार्चला वाहतूकदाराकडे ४,७२,००० रुपयांचा दावा दाखल झाला. ३१ मार्चपर्यंत त्याचे उत्तर आले नव्हते.

पहिली चूक म्हणजे हा माल ‘मार्गस्थ माल’ म्हणून अखेरच्या साठ्यात धरणे. मार्गस्थ माल म्हणजे वाटेत असलेला माल. हरवलेला माल साठा राहत नाही. तो नुसता साठ्यातून वगळला आणि खरेदी तशीच ठेवली, तर ढोबळ नफा विनाकारण चार लाखांनी घटतो आणि व्यापारच तोट्याचा वाटू लागतो. म्हणून खरेदी खाते ४,००,००० रुपयांनी जमा करून ती रक्कम ‘मार्गातील असाधारण नुकसान’ या खात्यात नावे टाकावी.

कराकडे सहसा दुर्लक्ष होते. माल हातात आलाच नसल्याने त्यावरील इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. ते आधीच घेतले असेल तर परत करावे. त्यामुळे खरे नुकसान ४,७२,००० रुपयांचे ठरते आणि ते सगळे नफा-तोटा पत्रकात जाते.

सर्वांत महागडी चूक मात्र दाव्याची पूर्ण रक्कम ‘वाहतूकदाराकडून येणे’ दाखवून तोटा शून्य करण्याची आहे. दावा पाठवणे म्हणजे येणे निर्माण होणे नव्हे. लेखा मानक २९ नुसार अशी संभाव्य मत्ता ताळेबंदात घेता येत नाही. वसुली जवळजवळ निश्चित झाली, तरच ती नोंदवावी. इंड एएस ही भारतीय लेखा मानके लागू असलेल्या कंपनीने वसुली संभवनीय असल्यास तिची टीप द्यावी.

शिवाय रकमेचाही प्रश्न आहे. बिल्टीमागची बारीक अक्षरे फारसे कोणी वाचत नाही. पण जास्त जोखमीचे भाडे भरलेले नसेल, तर रस्ता वाहतुकीच्या नियमांनुसार वाहतूकदाराचे दायित्व सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटीपुरते, म्हणजे येथे १,८०,००० रुपयांपुरतेच मर्यादित असते. त्यामुळे ४,७२,००० रुपयांचे येणे मुळातच फुगवलेले ठरते.

याउलट वाहतूकदाराने मार्चअखेरीपूर्वीच लेखी जबाबदारी कबूल केली असेल आणि नंतर मे महिन्यात पत्राने फक्त रक्कम कळवली असेल, तर १,८०,००० रुपये त्याच वर्षी येणे धरता येतील. तोवर वाद चालू होता आणि मे महिन्यात तडजोड झाली, तर ते उत्पन्न पुढील वर्षाचे. म्हणून लेखापरीक्षकासाठी पत्रव्यवहार तारखांसह जपून ठेवावा. वाहतूकदाराला लेखी नोटीस मात्र माल वाहतुकीसाठी नोंदवल्यापासून १८० दिवसांत, येथे ८ सप्टेंबरपर्यंत, द्यावी लागते.