स्टॉपवॉचच्या फोटोवरून दहा किलोमीटरचा अंदाज

बांबोळीच्या ट्रॅकवर नव्याने वेळ घ्यायला येणाऱ्या मुलांना मी पहिलं काम देतो ते फोटो वाचायचं. धाव संपली की घड्याळाच्या स्क्रीनचे फोटो मोबाइलवर येतात आणि त्यांवरून हिशोब करायचा असतो.

आधी स्क्रीनवर लॅप कुठला आणि स्प्लिट कुठला ते ओळखा. लॅप म्हणजे त्या एका फेरीची वेळ, तर स्प्लिट म्हणजे सुरुवातीपासूनची एकूण वेळ. तो वाढतच जातो. सरासरी लॅपची काढायची.

एका मुलाच्या ५००० मीटरच्या, म्हणजे साडेबारा फेऱ्यांच्या नोंदी अशा होत्या: १:५२, १:५५, १:५६, १:५७, १:५८, १:५८, ३:५८, १:५९, २:००, १:५९, १:५८ आणि शेवटची अर्धी फेरी ०:५७. शेवटचा स्प्लिट २४:२७.

सगळ्याचे सेकंद करा. १:५८ म्हणजे ११८ सेकंद; कॅल्क्युलेटरवर १.५८ टाकलंत तर पुढचं सगळंच चुकलं. इथे बेरीज १४६७ येते, आणि २४:२७ म्हणजेही १४६७. जुळलं. भर उन्हात काढलेल्या फोटोत ८ चा ३ दिसतो, तेव्हा बेरीज बरोबर ५ सेकंदांनी कमी भरते. मग तो ८ शोधायचा.

पण बेरीज जुळली म्हणून निश्चिंत होऊ नका. ३:५८ ही एक फेरी नाही. मध्ये बटण दाबायचं राहिलं आणि दोन फेऱ्या एकत्र झाल्या. त्याने बेरीज बिघडत नाही, नोंदींची संख्या बिघडते. बारा नोंदी मोजून भागलंत तर १२२ सेकंद येतात. भागायचं धावलेल्या फेऱ्यांनी: १४६७ ÷ १२.५ = सुमारे ११७.४ सेकंद. (पोरगा आतल्या पहिल्या लेनमध्येच होता ना, तेही विचारा. दुसऱ्या लेनमध्ये फेरीमागे सात-साडेसात मीटर जास्त पडतात.)

आता दहा किलोमीटर. ११७.४ ला २५ ने गुणून ४८:५५ सांगणारे बरेच भेटतील. तो वेग दुप्पट अंतर टिकत नाही. पीटर रीगल या अमेरिकन इंजिनिअरचं सूत्र आम्ही वापरतो:

```
T2 = T1 × (D2/D1)^1.06
```

T1 म्हणजे D1 अंतराला लागलेली वेळ आणि T2 म्हणजे D2 अंतराची अंदाजे वेळ. अंतर दुप्पट झालं की वेळ सुमारे २.०८५ पट होते. १४६७ ला त्याने गुणलं की ३०५९ सेकंद, म्हणजे जवळजवळ ५१ मिनिटं. हाफ मॅरेथॉनला तर फरक आणखी वाढतो: सरळ गुणाकाराने १:४३, सूत्राने १:५२.

हा आकडा खरा ठरायला दोन गोष्टी लागतात. पाच किलोमीटर पूर्ण जोर लावून पळालेले असावेत आणि लांब अंतराचा सराव झालेला असावा. ज्याने आठवड्यात कधी आठ किलोमीटरच्या पुढे पाय टाकला नाही, त्याचा हाफ मॅरेथॉनचा आकडा मी सांगतच नाही. शिवाय पाच किलोमीटर पहाटे सहाला पळालेला असेल आणि शर्यत साडेसातला ऊन चढल्यावर सुटणार असेल, तर आपल्याकडच्या दमट हवेत हा अंदाज कमीच पडतो. तेव्हा वहीत वेळेशेजारी धाव किती वाजता झाली तेही लिहायला सांगतो.