फ्रीलान्स आर्किटेक्टने लिंक्डइनवर रेकमेंडेशन कशी मागावी आणि कशी लावावी

फ्रीलान्स काम करणाऱ्या आर्किटेक्टकडे दाखवायला फोटो भरपूर असतात. पण क्लायंट खर्चाला घाबरला तेव्हा काय सांगितलं, साइटवर चूक झाली तेव्हा फोन उचलला का, हे फोटोत दिसत नाही. तुमच्याबरोबर काम केलेला माणूसच ते सांगू शकतो. लिंक्डइनवरचं रेकमेंडेशन त्यासाठी असतं. मात्र "उत्तम आर्किटेक्ट, वेळेत काम, मनमिळाऊ स्वभाव" अशा चार ओळींनी काहीच कळत नाही. म्हणून नेमकं लिहिलेलं रेकमेंडेशन कसं मिळवायचं, ते माझ्या एका कामाच्या आधारे सांगते.

मागण्याआधीची तयारी

रेकमेंडेशन तुमच्या प्रोफाइलमधल्या एखाद्या पदाला जोडलं जातं. त्यामुळे Experience मध्ये तुमच्या प्रॅक्टिसची नोंद आधी हवी. Employment type मध्ये Freelance किंवा Self-employed निवडा, सुरुवातीचा महिना आणि वर्ष बरोबर टाका. ही नोंद नसेल तर क्लायंटचे शब्द तुमच्या जुन्या नोकरीखाली जाऊन बसतात आणि वाचणारा गोंधळतो. दुसरी अट म्हणजे समोरचा माणूस तुमच्या थेट कनेक्शनमध्ये असायला हवा. नसेल तर आधी कनेक्ट व्हा, आणि त्याच दिवशी रेकमेंडेशन मागू नका.

कधी मागायचं

पझेशनच्या दिवशी सगळे खूश असतात, तेव्हाच मागून घ्या, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही, कोकणातल्या कामाबाबत तर मुळीच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जुन्या कौलारू घराचं दुरुस्तीचं काम मी केलं. मालकांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि सगळा व्यवहार त्याच्याशीच होता. काम मे महिन्याच्या शेवटी संपलं. मी रेकमेंडेशन मागितलं ऑक्टोबरमध्ये, एक अख्खा पावसाळा घरावरून गेल्यावर. छप्पर गळलं का, भिंतीला ओल आली का, दारं फुगली का, हे त्याआधी कोण सांगणार?

इतके महिने थांबलं की बारकावे विसरायला होतात, हे खरं. त्यावर उपाय सोपा आहे. घर ताब्यात देतानाच डायरीत त्या कामातले दोन-तीन महत्त्वाचे निर्णय तारखेसह लिहून ठेवा. मागताना तेच आठवण म्हणून पाठवता येतात.

पैशांचा हिशोब बाकी असताना कधीही मागू नका. तुमच्या फीचा शेवटचा हप्ता राहिला असेल तर क्लायंटला वाटतं, चार ओळी लिहिल्या की थोडं कमी द्यायला हरकत नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. त्याचं बिल तुम्ही तपासून सर्टिफाय करता. ते बिल किंवा त्याची राखून ठेवलेली रक्कम तुमच्या सहीसाठी थांबलेली असताना तुम्ही रेकमेंडेशन मागितलं, तर तो नाही म्हणणार कसा? मनापासून लिहिलेलं असलं तरी त्या शब्दांना किंमत राहत नाही. शेवटचा चेक वटल्यावर मागा.

कोणाकडे मागायचं

एकाच कामातल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडून घेतलेली रेकमेंडेशन मला दहा खूश क्लायंटपेक्षा मोलाची वाटतात. क्लायंट सांगतो की तुम्ही त्याचं ऐकलंत का. कॉन्ट्रॅक्टर सांगतो की ड्रॉइंग वेळेत आणि पूर्ण मिळाली का. स्ट्रक्चरल कन्सल्टंट सांगतो की बीम कुठे येणार, हे तुम्ही त्याला स्लॅबच्या आधी विचारलंत की नंतर. मटेरियल पुरवणाऱ्यांकडून मी घेत नाही. त्यांचा माल आपण क्लायंटला सुचवतो, त्यामुळे त्यांच्या कौतुकावर कमिशनची सावली पडते.

दुसऱ्या ऑफिससाठी वर्किंग ड्रॉइंग करून देत असाल, तर तिथल्या मुख्य आर्किटेक्टकडे जरूर मागा, पण प्रकल्पाचं नाव न घेता लिहायला सांगा. ड्रॉइंग बाहेरून करून घेतली, हे त्यांच्या क्लायंटला बहुतेक वेळा माहीत नसतं. मला हे उशिरा कळलं. एका ऑफिसने आपणहून छान लिहून दिलं, त्यात इमारतीचं नाव होतं. ते त्यांच्या बिल्डरच्या वाचण्यात आलं आणि मला ते लगेच लपवावं लागलं. "गेली दोन वर्षं आमच्या निवासी प्रकल्पांची वर्किंग ड्रॉइंग यांनी केली, साइटवरून शंका येणं कमी झालं," एवढं लिहिलं असतं तरी माझं काम भागलं असतं.

मागायचं कसं

आधी फोन करा. थेट बटण दाबून पाठवलेली विनंती सहज मागे पडते. फोनवर हो म्हटलं की त्यांच्या प्रोफाइलवर More मध्ये जाऊन Request a recommendation निवडा. तिथे तुमचं नातं विचारतात, त्यात क्लायंट असल्याचा पर्याय घ्या, आणि त्या वेळचं पद म्हणून फ्रीलान्स प्रॅक्टिसची नोंद निवडा. खाली मेसेजची जागा असते. तिथला आयता मजकूर पुसून टाका.

मी त्या मुलाला पाठवलेला मेसेज असा होता: "नमस्कार. फोनवर बोलल्याप्रमाणे विनंती पाठवतेय. तीन गोष्टींबद्दल तुम्हाला आठवेल तसं लिहा. स्लॅब की कौलं, हे आपण कसं ठरवलं? कामात अडचण कुठे आली आणि तेव्हा मी काय केलं? यंदाच्या पावसात घर कसं राहिलं? मराठीत लिहिलंत तरी चालेल, आणि जे आवडलं नाही तेही लिहा."

तयार मजकूर लिहून "फक्त पेस्ट करा" असं कधीच सांगू नका. पाच माणसांच्या तोंडी एकच भाषा आली की वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. प्रश्न तुमचे असू द्या, वाक्यं त्यांची.

आलेला मजकूर तपासणं

मजकूर आला की तो लगेच प्रोफाइलवर जात नाही. तुम्ही Add to profile केल्यावरच दिसतो. तुम्हाला त्यात स्वतः बदल करता येत नाहीत, पण दुरुस्तीची विनंती करता येते.

इतके प्रश्न विचारूनही पहिल्या खेपेला मला आलं ते असं: "अतिशय हुशार आणि प्रोफेशनल आर्किटेक्ट. बाबा गावी एकटेच असतात, त्यांची खूप काळजी घेतली. रत्नागिरीत यांच्याइतकं चांगलं काम कोणी करत नाही." सोबत गावाचं नावही होतं.

यात तीन गोष्टी खटकल्या. म्हातारा माणूस कोणत्या गावात एकटा राहतो, हे जगाला सांगायचं कारण नाही. घराच्या कामाबद्दलच्या मजकुरात पत्ता, घर कधी बंद असतं, तिजोरीची जागा असलं काही येत नाही ना, हे आपणच बघायला हवं, कारण लिहिणारा आनंदाच्या भरात असतो. दुसरं म्हणजे इतर आर्किटेक्टशी तुलना. आपल्याला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचे 1989 चे व्यावसायिक आचरणाचे नियम लागू आहेत. काही ठरावीक अपवाद सोडता आपल्या सेवेची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. नावाच्या पाटीवरची अक्षरं 10 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावीत, इतक्या बारकाईने ते लिहिलेले आहेत. आपल्या कामाची माहिती माध्यमांत आली तर चालते, पण त्यासाठी मोबदला द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही. हे नियम इंटरनेटच्या आधीचे आहेत, तरी माझ्यापुरता अर्थ मी स्पष्ट ठेवला आहे: झालेल्या कामाचं वर्णन चालेल, "सर्वोत्तम" आणि "यांच्यासारखं कोणी नाही" चालणार नाही, आणि रेकमेंडेशनच्या बदल्यात फीमध्ये सवलत तर अजिबात नाही. तिसरी गोष्ट, कामाबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

मी फोन करून हे सगळं मोकळेपणाने सांगितलं आणि दुरुस्तीची विनंती पाठवली. चार दिवसांनी आलेला मजकूर असा:

"आम्हाला कौलं काढून स्लॅब टाकायचा होता. मॅडमनी दोन्हींचा खर्च कागदावर मांडून दाखवला आणि कौलं ठेवा म्हणाल्या. किडलेले वासे तेवढे बदलले, पश्चिमेच्या पडवीचं छप्पर साडेतीन फूट बाहेर काढलं. सुतार मिळेना म्हणून काम तीन आठवडे लांबलं, पण ते त्यांनी आम्ही विचारायच्या आधीच कळवलं. यंदाच्या पावसात पडवीची भिंत कोरडी राहिली. न्हाणीघराचा उतार मात्र पुन्हा करून घ्यावा लागला, तो त्यांनी उभं राहून करून घेतला."

शेवटचं वाक्य काढायला सांगावं असं क्षणभर वाटलं होतं. सांगितलं नाही, ते बरं झालं. पुढे दोन जणांनी चौकशीच्या फोनवर नेमका तो न्हाणीघराचा उतारच विचारला.

दाखवायचं कसं

रेकमेंडेशनचा क्रम आपल्या मनासारखा लावता येत नाही, कोणतं दाखवायचं आणि कोणतं लपवायचं एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून पोकळ कौतुकाची जुनी रेकमेंडेशन लपवा. कॉलेजमधल्या मित्रांशी झालेली "तू माझं लिही, मी तुझं लिहितो" अशी देवाणघेवाण आधी लपवा, कारण Received आणि Given दोन्ही बाजू वाचणाऱ्याला दिसतात.

ज्या कामाबद्दल लिहिलंय, त्याचे फोटो Featured मध्ये ठेवा. मी पडवीचा एक सेक्शन आणि पावसातला एक फोटो ठेवला आहे. साडेतीन फुटांचं ते छप्पर त्यात दिसतं, आणि शब्द व चित्र एकमेकांना धरून राहतात.

क्लायंट लिंक्डइनवर नसेल, तर साध्या कागदावर हाताने लिहून घ्या. पत्ता आणि फोन नंबर झाकून स्कॅन करा, आणि तो कागद तिथे लावण्याची परवानगी मेसेजवर लेखी मागून मगच Featured मध्ये टाका.

एक काम त्याच दिवशी उरका. समोरच्याने किंवा तुम्ही कनेक्शन काढलं तर रेकमेंडेशनही जातं, आणि पुन्हा कनेक्ट झाल्यावर ते परत येत नाही. लिहिणाराही ते कधीही मागे घेऊ शकतो. प्रत्येक रेकमेंडेशनचा तारखेसह स्क्रीनशॉट त्या कामाच्या फोल्डरमध्ये, कम्प्लिशन ड्रॉइंगच्या शेजारी ठेवा.