दृश्याच्या मापाचे पार्श्वसंगीत कसे तयार करावे

शब्दांत वर्णन दिले की मिनिटभरात धून तयार करून देणारी सुनो किंवा स्टेबल ऑडिओ यांसारखी साधने हाताशी आल्यापासून पार्श्वसंगीत मिळवणे सोपे झाले आहे. अडचण येते ती मिळालेले संगीत चित्राशी जुळवताना. दृश्य बदलते तेव्हा धून आपल्याच नादात पुढे जात असते आणि व्हिडिओ संपतो तेव्हा ती मध्येच कापली जाते. हे टाळायचे असेल तर कामाचा क्रम उलटा करावा लागतो. आधी चित्राचे संकलन पुरे करावे, त्यातील वळणांच्या वेळा मोजाव्यात, त्यांवरून लय ठरवावी आणि मगच साधनाकडे संगीत मागावे.

उदाहरणादाखल 84 सेकंदांचा, सेकंदाला 25 फ्रेमचा एक व्हिडिओ घेऊ. मोडकी लाकडी खुर्ची दुरुस्त करण्याचा. पहिल्या भागात निवेदक खुर्चीची अवस्था सांगतो. 20.5 सेकंदांवर पहिला घाव बसतो आणि तासणे, सांधणे, घासणे यांची धावती दृश्ये सुरू होतात. 61 सेकंदांवर तयार खुर्ची खिडकीपाशी ठेवलेली दिसते आणि चित्र स्थिरावते. यात कट तीसेक असतील, पण संगीताने दखल घ्यावी अशी वळणे दोनच आहेत. प्रत्येक कटावर ताल आदळू लागला तर प्रेक्षकाचे लक्ष खुर्चीवरून उडून संकलनाकडे जाते.

आता लयीचा हिशेब. बहुतेक पार्श्वसंगीत चार मात्रांच्या आवर्तनात असते, आणि त्याचे वाक्य साधारण चार किंवा आठ आवर्तनांनी पुरे होते. म्हणून पहिले वळण आठ आवर्तनांनंतरच्या समेवर, म्हणजे 32 मात्रा संपताच यावे अशी अपेक्षा धरू. 32 मात्रांना 60 ने गुणून 20.5 ने भागले की 93.66 येतात, जवळचा पूर्णांक घेऊन लय मिनिटाला 94 मात्रा, म्हणजेच 94 बीपीएम, ठरवावी. या लयीत आठ आवर्तने 20.43 सेकंदांत संपतात आणि वळणाशी असलेला फरक दोन फ्रेमहूनही कमी राहतो. चोवीस आवर्तने 61.28 सेकंदांवर संपतात, तर आपला कट 61 वर आहे. इथे संगीत ताणण्यापेक्षा तो कट सात फ्रेम पुढे सरकवणे शहाणपणाचे, कारण आधीचे दृश्य तेवढेच वाढते, नंतरचे तेवढेच घटते आणि एकूण लांबी बदलत नाही. बत्तीस आवर्तने 81.70 सेकंदांवर पुरी होतात. उरलेले सुमारे 2.3 सेकंद शेवटचा स्वर विरण्यासाठी हवेतच. हिशेबातून 150 किंवा 45 असा विषयाला न शोभणारा आकडा आला, तर आठऐवजी चार, सहा किंवा बारा आवर्तने धरून पुन्हा गणित करावे.

पुढची पायरी वर्णन लिहिण्याची. केवळ ‘आशादायी’ किंवा ‘भावपूर्ण’ असे लिहिले तर साधन त्या शब्दाला चिकटलेला सर्वांत सरधोपट आवाज देते, आणि बहुधा तो फुगलेला असतो. भाव हा वाद्ये, स्वरांची दाटी आणि लय यांतून घडतो, म्हणून वर्णनही त्यांचेच करावे. ही साधने इंग्रजी वर्णन सहसा अधिक नेमके पाळतात. आपल्या व्हिडिओसाठी ते असे लिहिता येईल:

```
instrumental, fingerpicked acoustic guitar,
soft marimba, light shaker, sparse, warm,
94 BPM, 4/4, steady tempo, definite ending
```

यात नकाराचे शब्द नाहीत, हे मुद्दाम. ‘ढोल नको’ असे वर्णनात लिहिले की कित्येकदा ढोलच वाजू लागतो, कारण साधन त्या शब्दालाही मागणीच समजू शकते. सुनोमध्ये गायन टाळण्यासाठी Instrumental हा पर्याय वेगळा आहे, तो वापरावा. लांबी निवडता येत असेल तर गरजेपेक्षा जास्त, दोन मिनिटांच्या आसपास ठेवावी, म्हणजे कापायला माल मिळतो. चार-पाच धुनी तयार करून त्या मूक चित्राखाली वाजवून पाहाव्यात. नुसत्या ऐकून निवडलेल्या धुनीत बहुधा सुरावट ठसठशीत असते, आणि तीच पुढे निवेदकाशी भांडते.

निवडलेली धून 94 बीपीएमचीच आहे, असे मात्र गृहीत धरू नये. ती ऑडॅसिटीसारख्या ध्वनिसंपादकात उघडावी, सुरुवातीची शांतता कापून पहिली मात्रा शून्यावर आणावी आणि नववे आवर्तन कुठे सुरू होते ते पाहावे. समजा ते 20.43 ऐवजी 20.9 सेकंदांवर सापडले, तर धून सुमारे 2.3 टक्के संथ आहे. Change Tempo या प्रक्रियेत तेवढीच वाढ दिली की लय सुधारते आणि पट्टी बदलत नाही. एवढा बदल कानाला कळत नाही. तो वाढत गेला की तालवाद्यांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटू लागतात, आणि तेव्हा नवी धून मागवणेच बरे. लय मध्येच डळमळत असेल तर ती धून सरळ बाजूला ठेवावी.

तीन दृश्यांसाठी तीन धुनी करण्याचा मोह होतो, पण त्यांच्या पट्ट्या जुळत नाहीत आणि सांध्यावर प्रेक्षकाला दचकल्यासारखे होते. एकाच धुनीचे वजन बदलणे अधिक परिणामकारक ठरते. साधन वाद्यांचे सुटे ट्रॅक देत असेल, किंवा ते वेगळे करणारे सॉफ्टवेअर असेल, तर पहिल्या आठ आवर्तनांत फक्त गिटार ठेवावी, घाव बसताच मरिंबा आणि शेकर आणावेत, आणि चोविसाव्या आवर्तनानंतर शेकर काढून टाकावा. वाद्ये वेगळी करताना एकाचा अंश दुसऱ्यात राहतो. त्यामुळे एकटी गिटार पाण्यातून आल्यासारखी वाटते का, हे हेडफोन लावून तपासावे.

शेवट जोडताना आवाज हळूहळू बंद करण्याची सवय सोडावी. धुनीचा खरा शेवट असलेली अखेरची आठ आवर्तने उचलून पंचविसाव्या आवर्तनापासून ठेवावीत. सांधा समेवरच घ्यावा आणि तिथे 20-30 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यावा, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढत जातो. आधीचा स्वर लांबत असेल तर क्रॉसफेड थोडा वाढवावा. सांधा बसला की नाही ते डोळे मिटून, पायाने ताल धरून ऐकावे. पाय अडखळला तर एखादी मात्रा कमी-जास्त कापली गेली आहे.

निवेदनाखाली संगीत निवेदकाच्या आवाजापेक्षा 15 ते 20 डेसिबल खाली ठेवून सुरुवात करावी आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून पाहावे. शब्द तरीही झाकले जात असतील, तर संगीताचा आवाज आणखी दाबण्याआधी तिथली सुरावट वाजवणारे वाद्यच काढावे. प्रसिद्ध करण्यापूर्वी साधनाच्या अटी वाचाव्यात: विनामूल्य योजनेत व्यावसायिक वापराची मुभा पुष्कळदा नसते. ज्या दिवशी धून उतरवून घेतली त्या दिवसाच्या अटींची प्रत मूळ फाइलच्या शेजारीच जपून ठेवावी.